नळी नको, दुखू देऊ नका

वाशीम जिल्ह्यातल्या एका गावातलं हे घर. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत, बाकी जसं झालं तसं. मी घरी जाऊन रुग्ण पाहणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या टीममध्ये नर्स आहे. आमच्यासोबत एक डॉक्टर, एक समाजसेवक आणि ड्रायव्हर असतो. पंधरा दिवसांतून एक फेरी हा नियम, पण कुणाचं जास्त झालं की नियम बाजूला राहतो.

रुग्ण अठ्ठावन्न वर्षांचे. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. तंबाखू-सुपारीचा खर्रा तीस वर्षांपासून, सकाळी उठल्यापासून गालात. डाव्या गालाचा कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, आणि आठ महिन्यांत गाठ परत आली. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा जखम गालातून आरपार बाहेर आली होती. पाणी पाजलं की अर्धं गालातून गळायचं. नाकातून पोटात जाणारी राईल्स ट्यूब होती. त्या नळीतून काकू दर दोन-अडीच तासांनी ताक, डाळीचं पाणी, दूध सोडायच्या. वजन अडतीस किलो. घरात शिरण्याआधीच वास यायचा, आणि नातवंडं त्या खोलीत येईनाशी झाली होती. बोललेलं कळत नसल्यामुळे उशाशी एक पाटी ठेवली होती.

पहिल्या भेटीत मुलगा आम्हाला गोठ्याकडे घेऊन गेला. म्हणाला, "मॅडम, बाबा रोज रात्री पाटीवर एकच लिहितात. औषध आणून दे."

आमच्याकडे 'औषध' शब्दाला दोन अर्थ आहेत, हे विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. दुकानातून फवारणीसाठी आणतात तेही औषधच. 'अमक्यानं औषध घेतलं' म्हटलं की सगळे गप्प होतात. पोरानं त्या आठवड्यात फवारणीचे सगळे डबे शेतातल्या कोठ्यात नेऊन कुलूप घातलं होतं आणि किल्ली कमरेला बांधली होती. मग त्यानं डॉक्टरांना विचारलं, "तुमच्यापाशी एखादं इंजेक्शन नसते का साहेब? झोपीतच जाईन असं?"

डॉक्टर म्हणाले, "तसं इंजेक्शन मी देणार नाही. कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि मला ते करायचंही नाही. पण तुमच्या बाबांचं दुखणं कमी करून दाखवतो. मला चार दिवस द्या."

हे चार दिवस मी जरा सविस्तर सांगते, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. दहापैकी किती दुखतं असं विचारल्यावर काकांनी नऊ बोटं दाखवली. तोवर त्यांना तालुक्याच्या ठिकाणाहून ट्रामाडोल हे मॉर्फीनपेक्षा हलकं वेदनाशामक मिळत होतं, तेही दुखलं की. आम्ही मॉर्फीनची दहा मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून, पाण्यात विरघळवून, दर चार तासांनी नळीतून द्यायला सांगितलं. दुखो न दुखो, घड्याळ पाहून: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे रात्री दोनला कुणाला उठायला नको. सोबत शौचाला साफ व्हावं म्हणून पातळ औषध, कारण मॉर्फीननं बद्धकोष्ठ होतोच, आणि पहिले काही दिवस मळमळीची गोळी. जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायची आणि मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून ती पूड वर भुरभुरायची. वास आठवड्यात उतरतो. तिसऱ्या दिवशी फोनवर बोलून डोस पूर्ण दहा मिलिग्रॅमवर नेला. रात्रीचे वीस धरून दिवसाचे साठ झाले.

पाचव्या दिवशी आम्ही गेलो तर काका खाटेवर बसले होते आणि धाकटा नातू पायथ्याशी. बोटं तीन. पाटीवर 'औषध' लिहिणं बंद झालं होतं.

म्हणून 'मले सोडवा' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, शेवटचा डोस किती वाजता दिला? बहुतेक वेळा ती मागणी दुखण्याची असते. मरण मागितलं असं आपल्याला वाटतं. मात्र सगळ्याच वेळा तसं नसतं, आणि या घरात पुढे तेच झालं.

घरात एक माणूस या मॉर्फीनवर पहिल्यापासून नाराज होता. काकांचे थोरले भाऊ, वय सत्तरच्या आसपास, माळकरी, गावच्या भजनी मंडळाचे म्होरके. त्यांना सगळे दादाजी म्हणत. त्यांचं म्हणणं दोन कलमी होतं. एक, या गोळीनं जीव जाईल. दोन, "भोग भोगूनच संपवा लागते. इथं चुकवलं तर पुढच्या जन्मी उभं रायते."

दुसऱ्या कलमाला आम्ही काही बोलायच्या आत काकू चुलीपुढून म्हणाल्या, "नागपूरले ऑपरेशनले नेलं, तवा भोग कुठी गेले होते दादाजी?" दादाजींनी उत्तर दिलं नाही. मला तो प्रश्न फार नेमका वाटला. कर्माचं तत्त्व उपचाराच्या आड येत असतं, तर कुणी ताप उतरवायलाही गोळी घेतली नसती. दवाखान्यात जायचं, पैसे मोडायचे, शेत गहाण टाकायचं, आणि शेवटच्या दुखण्यापुरता भोग काढायचा, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

पहिलं कलम वेगळं आहे, त्याला उत्तर द्यावं लागतं. योग्य डोसनं सुरू करून हळूहळू वाढवलेलं मॉर्फीन माणूस मारत नाही. दुखणं असलेल्या शरीराला ते सोसतं, आणि जास्त झालंच तर आधी माणूस पेंगतो, मग श्वास मंदावतो, म्हणजे चूक कळायला वेळ मिळतो. पण समजा, अगदी शेवटी त्यानं काही तास कमी झाले, तर? मला नर्सिंग शिकवणाऱ्या सिस्टर कॅथलिक होत्या. त्या सांगायच्या, पोप बारावे पायस यांनी 1957 मध्येच भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे उत्तर देऊन ठेवलंय: वेदना थांबवायच्या हेतूनं औषध दिलं आणि त्यामुळे आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला, तरी ते चालतं. मारायच्या हेतूनं दिलेलं चालत नाही. औषध तेच, सुई तीच, फरक देणाऱ्याच्या मनात. दादाजींना मी पोपचं नाव सांगितलं नाही, गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "हे तर आपलंच हाय. हेतूवरच पाप-पुण्य." आणि मॉर्फीनचा विषय मिटला.

असे तीन आठवडे बरे गेले. कपाशीची पहिली वेचणी सुरू झाली. काका अंगणात खाट टाकून पडायचे, बायांच्या ओट्यातला कापूस हातात घेऊन दाबून पाहायचे. मग एका रात्री नळी तुंबली. काकूंनी ज्वारीची आंबील सोडली होती, तिच्या गुठळ्या अडकल्या. पहाटे काकांनी नळी ओढून काढली आणि गुंडाळी करून खाटेखाली ठेवली.

आम्ही नवी नळी घेऊन पोचलो. काकांनी पाटी घेतली आणि लिहिलं: नळी नको. थोडं थांबून खाली: दुखू देऊ नका.

पाटीवर दोन ओळी होत्या, आणि दोन्ही वेगळ्या. दुखणं तेव्हा दोनवर होतं, म्हणजे हा दुखण्याचा आवाज नव्हता. डॉक्टरांनी घरच्यांना बाहेर बसवलं आणि काकांशी एकटं बोलले. नळी नाही घातली तर काय होईल? त्यांनी लिहिलं, मरण येईन. पोटातून नळी बसवता येते, नागपूरला जावं लागेल, चालेल? मान नाही. कुणावर भार पडतो म्हणून म्हणता का? त्यांनी बराच वेळ पेन्सिल धरली, मग लिहिलं, होय, पण ते एकच नाही. झोप कशी आहे, नातू आला की बरं वाटतं का, हेही विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तेच प्रश्न, वेगळ्या क्रमानं. उत्तरं तीच. ही पद्धत आमच्याकडे नेहमीची आहे: एकाच भेटीतल्या नकारावर विसंबायचं नाही, आणि उदासी किंवा दुखणं त्यामागे लपलंय का ते आधी शोधायचं.

इथून घर फाटलं. दादाजी ओट्यावर उभं राहून म्हणाले, "उपाशी मारता काय माह्या भावाले?" आणि त्यांनी गाडगेबाबांचं नाव घेतलं. भुकेल्याला अन्न, तहानेलेल्याला पाणी. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा संत, त्याच्या शिकवणीची पहिलीच ओळ. वऱ्हाडातल्या माणसापुढे याच्याविरुद्ध बोलायची सोय नाही. खरं सांगायचं तर मलाही उत्तर सुचलं नाही. मी नर्स आहे, भरवणं माझ्या हातात भिनलंय. वर्षानुवर्षं शुद्ध हरपून पडलेल्या अरुणा शानभागचा खटला चालला तेव्हा मुंबईच्या केईएमच्या नर्सेसनी तिचं अन्न थांबवायला विरोध केला होता, 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिचं खाणं बंद करायची मागणी फेटाळली, आणि 2015 मध्ये ती गेली तोवर त्यांनी तिला सांभाळलं. मला त्या नर्सेस समजतात. पण अरुणाला आपलं मत सांगता येत नव्हतं. इथं माणूस शुद्धीत होता आणि पाटीवर लिहीत होता.

पुढचे चार दिवस या घरात जे बोलणं झालं ते मी वहीत उतरवून ठेवलंय. भेटायला येणारे रीतसर धर्मचर्चा करायला येत नव्हते. खाटेजवळ बसायचे, चहा घ्यायचे, आणि मग दादाजी त्यांना गाठायचे.

पहिले आले कृषी केंद्रवाले, कारंजाकडचे जैन. दादाजी म्हणाले, "तुमच्यात तर असं करतातच. संथारा." संथारा म्हणजेच सल्लेखना, अन्न सोडून मरणाला सामोरं जायचं जैन व्रत. कृषी केंद्रवाल्यांनी दोन्ही हात हलवले. "नाही हो. याला सल्लेखना म्हणू नका." आणि मग त्यांनी जे समजावलं ते मी इतकं स्पष्ट कुठं ऐकलं नव्हतं. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखना कधी घ्यावी ते सांगितलंय: मोठं संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा रोग, आणि तोही असा की ज्यावर उपाय उरलेला नाही. रोगाचं कलम काकांना लागू पडतं, हे त्यांना मान्य होतं. पण पुढची अट कठीण. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच दोष सांगितलेत. त्यात जगण्याची इच्छा हा एक दोष आहे, आणि मरण लवकर यावं अशी इच्छा हाही दोष आहे. म्हणजे लवकर सुटावं म्हणून अन्न सोडलं तर व्रतच भंगलं. त्याआधी सगळ्यांची क्षमा मागायची, गुरूंची आज्ञा घ्यायची, आहार एकेक पायरीनं कमी करत न्यायचा. "तुमच्या भावानं एका रात्री नळी उपटली. ते वेगळं आहे. वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण व्रत नाही."

राजस्थान उच्च न्यायालयानं 10 ऑगस्ट 2015 ला संथारा म्हणजे आत्महत्या ठरवली होती आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. त्या दिवसांत कारंज्यातही मोर्चा निघाला होता, असं ते म्हणाले. त्यांच्या मते कोर्टाला हाच फरक दिसला नाही: आत्महत्या करणारा मरणाच्या मागे धावतो, सल्लेखनावाला धावायचं थांबतो.

दादाजींनी हे लक्ष देऊन ऐकलं आणि समाधानानं मान डोलावली. जैनांनीही भावाची बाजू घेतली नाही, असं त्यांना वाटलं असावं.

तेव्हा काकूंनी विनोबांचं नाव काढलं. त्यांचं माहेर वर्ध्याकडचं. "पवनारले विनोबांनी नाही का सोडलं सगळं? अन्नबी, पाणीबी, औषधबी. माह्या बापानं दर्शन घेतलं होतं." ही गोष्ट खरी आहे. नोव्हेंबर 1982 मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं आणि 15 नोव्हेंबरला, सत्याऐंशीव्या वर्षी, पवनारच्या आश्रमात ते गेले. ते जैन नव्हते, त्यांनी गीता मराठीत आणली होती, आणि त्यांच्या त्या जाण्याला विदर्भात कुणी आत्महत्या म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

दादाजी एका दमात म्हणाले, "ते संत होते. हा खर्रा खाणारा."

खाटेवरून घशातला एक आवाज आला. काका हसत होते.

हिंदू धर्म काय म्हणतो, असा प्रश्न मला लोक विचारतात तेव्हा हेच वाक्य आठवतं. शास्त्रात दोन्ही आहे. आत्मघाताला पाप म्हटलंय, आणि परीक्षित राजा गंगेकाठी अन्न सोडून सात दिवस भागवत ऐकत बसला त्याला कुणी पाप म्हणत नाही. अत्रिस्मृतीत एक शब्द आहे, प्रत्याख्यातभिषक्क्रिय, म्हणजे वैद्यांनी ज्याच्यापुढे हात टेकलेत असा. त्या माणसानं अन्न सोडून देह ठेवला तर त्याला तिथं आत्मघातक्याच्या ओळीत बसवलेलं नाही. आणि दुसरीकडे मरणासाठी महाप्रस्थानाला निघणं हे कलियुगात वर्ज्य, असंही पुढच्या ग्रंथकारांनी लिहून ठेवलंय. म्हणजे दार होतं, आणि ते सामान्य माणसासाठी बंद करत आणलं. त्यामुळे ज्ञानेश्वरांची समाधी पूजायची आणि भावाची नळी परत घालायची, या दोन्ही गोष्टी दादाजींच्या मनात भांडत नव्हत्या. संतांना जे चालतं ते आपल्याला चालत नाही, हा त्यांच्या लेखी नियमच होता. मला तो पटत नाही, पण तो ढोंग नाही.

तिसऱ्या दिवशी काकांचे जिनिंगमधले जुने सोबती आले, मुसलमान, दोघं एका बैलगाडीवरून कापूस न्यायचे. ते खाटेजवळ बराच वेळ हात धरून बसले. दादाजींनी त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "जान अमानत हाय दादाजी, आपली नाही. आपण उचलून परत देऊ शकत नाही." मरण मागूच नये, असं पैगंबरांनी सांगितलंय. अगदीच राहवलं नाही तर इतकंच म्हणावं: जगणं माझ्यासाठी बरं असेल तोवर मला जगव, आणि मरण बरं असेल तेव्हा ने. मग त्यांनी स्वतःहून जोडलं, "पण नळी घालाच, असं काही मी ऐकलं नाही. इलाज करा, हे आहे. ज्या इलाजानं काही होत नाही तो केलाच पाहिजे, असं आमचे मौलाना म्हणत नाहीत." इतकं बोलून ते काकांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. काय ते मी विचारलं नाही.

गावची आशाताई बौद्ध. ती दोन्ही वेळा आमच्यासोबत होती, जखम धुवायला तीच पुढे व्हायची. विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली एक गोष्ट तिला वस्तीतल्या विहारात शिकवली होती: हगवण लागून आपल्याच घाणीत पडलेला भिक्खू, कुणी बघायला तयार नाही, आणि बुद्धानं आनंदाला पाणी आणायला लावून दोघांनी त्याला धुतलं. माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची करा, असं बुद्ध तिथं म्हणतात. ती म्हणाली, "मॅडम, त्यानं जगावं का मरावं, ते त्या गोष्टीत येतच नाही." त्याच विनयात भिक्खूनं कुणाला मारणं किंवा मरणाची वाखाणणी करून कुणाला मरायला लावणं, हा संघातून कायमचं काढून टाकण्याचा अपराध आहे. पण त्या नियमांचा अर्थ सांगणाऱ्या बुद्धघोषाच्या जुन्या टीकेत एक बारकावा मिळतो: औषध आणि सेवा करणारे हजर असताना मरण्यासाठी जेवण सोडणं चूक, पण दुखणं लांबलंय, सेवा करणारे थकलेत, आणि आपण वाचणार नाही हे उमगलंय, अशा भिक्खूनं अन्न-औषध थांबवलं तर दोष नाही. काकांचं 'होय, पण ते एकच नाही' मला तिथं आठवलं. आपण भाराची गोष्ट निघाली की लगेच दचकतो. ती टीका दचकत नाही.

दादाजींच्या बाजूनं उभा राहणारा कुणी नव्हता असं मात्र नाही. कॅथलिक चर्चचा 2007 चा एक खुलासा आहे. कोमासारख्या अवस्थेत वर्षानुवर्षं पडलेल्या माणसाला नळीतून दिलेलं अन्न-पाणी हा उपचार धरायचा नाही, ती साधी काळजी आहे आणि तत्त्वतः द्यायलाच हवी, शरीर ते घेईनासं होईपर्यंत. म्हणजे श्वास चालवणारं यंत्र बंद करायला जी परंपरा तयार आहे, ती अन्नाच्या नळीपाशी थांबते. दादाजींचा आक्षेप नेमका हाच होता. नळीतून गेलं तरी ते ताकच ना?

डॉक्टरांचं मत वेगळं होतं. ते म्हणाले, "ताक घरचं, पण नळी दवाखान्याची. नाकातून घशात रबर घालायला मला त्यांची परवानगी लागते. ती त्यांनी काढून घेतली." कायद्याची भीतीही दादाजींना होती, उद्या पोलीस आले तर? सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या कॉमन कॉज निकालात शुद्धीतल्या सज्ञान माणसाचा उपचार नाकारायचा हक्क मान्य केलाय. दोन-दोन वैद्यकीय मंडळांची जी प्रक्रिया त्यात होती आणि 2023 मध्ये सोपी केली, ती स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णांसाठी आहे. इथं तिची गरज नव्हती. डॉक्टरांनी तरी पाटीवरचं उत्तर केसपेपरवर उतरवलं आणि काकांचा अंगठा घेतला.

नळी गेल्यावर मॉर्फीन द्यायचं कसं, हा खरा कामाचा प्रश्न. मान उजवीकडे कलवून काका दोन-तीन चमचे गिळू शकत होते, म्हणून पहिला दिवस तसं भागवलं. मग छातीवर फेंटानिल या वेदनाशामकाचा, तासाला पंचवीस मायक्रोग्रॅम सोडणारा पॅच लावला. दिवसाला साठ मिलिग्रॅम मॉर्फीन घेणाऱ्याला तो साधारण बरोबर बसतो. पॅच लावल्याबरोबर काम करत नाही, बारा तास तरी लागतात, तोवर चमच्यानं मॉर्फीन चालूच ठेवायचं. इथंच पुष्कळ जण चुकतात, आणि मग पहिली रात्र ओरडण्यात जाते. दर तीन दिवसांनी पॅच बदलायचा. इतक्या वाळलेल्या अंगातून औषध नीट शिरत नाही, म्हणून आशाताई रोज संध्याकाळी बोटं मोजून मला फोन करायची.

सहाव्या दिवशी एक गडबड झाली. दादाजींनी न सांगता गावच्या डॉक्टरला बोलावलं आणि सलाईन लावली. एक बाटली, दुसऱ्या दिवशी दुसरी. विदर्भातल्या खेड्यात सलाईन लावणं म्हणजे आपण काहीतरी केलं याची पावती असते. पण विझत चाललेलं शरीर ते पाणी वापरू शकत नाही. पाय सुजले, जखमेतून पाणी गळायला लागलं आणि छातीत घरघर सुरू झाली. त्याच रात्री दादाजींनी चमचाभर दूध तोंडात सोडलं आणि ठसका लागून काकांचा श्वास अडकला. ओला खोकला, गळ्यात गुळगुळ, ओठ काळसर. मुलानं कुशीवर वळवून पुसून काढलं, तेव्हा कुठं श्वास आला.

मी सकाळी पोचले तर दादाजी ओट्यावर बसले होते. मी त्यांना रागवले नाही. आत नेऊन दाखवलं: तोंड कोरडं आहे, ती तहान पोटातली नाही. कापसाचा बोळा पाण्यात बुडवायचा, पिळायचा, ओठांवरून, जिभेवरून फिरवायचा. तासातासाला. घशात काही जाता कामा नये. त्यांनी माझ्या हातातून बोळा घेतला. घरातल्या कापसाचाच होता. थोड्या वेळानं त्यांनी देवघरातून गंगेची कुपी आणली आणि त्यात बोळा बुडवला. ते काम शेवटपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

नवव्या दिवशी, उजाडता, काका गेले. त्याआधी त्यांना खाटेवरून सारवलेल्या भुईवर घेतलं होतं, तुळशीचं पान दादाजींनी ठेवलं. आशाताईच्या आदल्या संध्याकाळच्या फोनमध्ये बोटं दोन होती.

तेरवी झाल्यावर आम्ही गेलो. उरलेलं मॉर्फीन परत घ्यावं लागतं, गोळ्या मोजून रजिस्टरवर घरच्यांची सही घ्यावी लागते. चौदा गोळ्या आणि एक न लावलेला पॅच. दादाजींनी स्वतः मोजल्या, दोनदा.

मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "नळी असती तर किती दिवस?"

डॉक्टर म्हणाले, "दोन आठवडे असते, कदाचित तीन. नक्की सांगता येत नाही."

"म्हणजे होते."

"होते."

दादाजींनी सही केली. दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नव्हता, दुपार झाली, असं ते सांगू लागले. भाऊ उपाशी गेला म्हणून, हे त्यांचं पक्कं मत. काकू आतूनच म्हणाल्या, "उपाशी नाही. पिंडापाशी खर्रा ठेवाले तुमीच नाही म्हणत होते. ठेवला, आन् आला कावळा."

"खर्ऱ्यानंच तर नेलं त्याले," दादाजी म्हणाले आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.